‘सोबत जोडले आहे’, पण सोबत काहीच नाही : कर सल्लागाराच्या कार्यालयात नव्याने आलेल्यांसाठी

रिटर्नचा हंगाम सुरू झाला की कार्यालयाच्या मेलवर असा मजकूर हमखास येतो :

> नमस्कार सर, सोबत २०२४-२५ चा फॉर्म १६ जोडला आहे. जुन्या पद्धतीने रिटर्न भरले तर रिफंड किती येईल? कृपया आजच कळवा.

मेल उघडून पाहावा तर खाली फाइल नाही. फक्त मजकूर, सही आणि ‘माझ्या मोबाइलवरून पाठवले’ ही ओळ. क्लायंट जुना आहे, त्याचा गेल्या वर्षीचा फॉर्म कपाटात आणि संगणकात दोन्हीकडे आहे, आणि उत्तर आजच हवे आहे. नव्या माणसाची चूक नेमकी इथे होते. खोटे बोलायचे त्याच्या मनातही नसते. त्याला मदत करायची असते, म्हणून तो हाताशी असलेल्या कागदांवरून आकडा काढतो आणि ‘फॉर्म १६ पाहिला’ असे लिहून मोकळा होतो.

हा लेख याच एका प्रसंगाबद्दल आहे. उदाहरण सगळीकडे फॉर्म १६ चे, म्हणजे पगार आणि त्यावर कापलेला कर दाखवणाऱ्या, कंपनीने दिलेल्या प्रमाणपत्राचे घेतले आहे. भाडेकरार किंवा बँकेचे विवरण न आले तरी रीत हीच.

आधी ‘मिळाले’ लिहू नका

मेल दिसताक्षणी ‘मिळाले सर, पाहतो’ असे उत्तर टाकायची अनेकांना सवय असते. बिनफाइलच्या मेलवर हीच पहिली थाप ठरते. क्लायंट ते वाचतो, आपले काम झाले असे समजतो आणि निर्धास्त होतो. कधी तो मूळ फाइल मोबाइलमधून काढूनही टाकतो. दहा दिवसांनी तुम्ही फाइल मागितलीत की त्याच्या लेखी ती तुम्हीच हरवलेली असते, कारण ‘मिळाले’ हे तुम्ही स्वतः लिहून दिले आहे. म्हणून फाइल उघडून पहिले पान डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पोच द्यायची नाही. तोवर काही कळवायचेच असेल तर ‘तुमचा मेल मिळाला’ एवढेच लिहा. मेल मिळणे आणि फाइल मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पाच मिनिटे आपल्या बाजूने शोधा

फाइल आली नाही असे कळवण्याआधी ती आपल्याच घरात कुठे पडलेली नाही ना, हे पाहून घ्या. मोबाइलवर मेल वाचत असाल तर तोच मेल संगणकावर ब्राउझरमध्ये उघडा. मेलच्या शेवटी तीन टिंबांमागे जुना मजकूर दुमडलेला असतो, तो उलगडा. त्याच पत्त्यावरून त्याच दिवशी दुसरा मेल आला आहे का, स्पॅममध्ये काही आहे का, कार्यालयाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर किंवा शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याकडे फाइल गेली आहे का, तेही पाहा. बरेच क्लायंट मेल एकाला लिहितात आणि कागद दुसऱ्याला पाठवतात.

तरीही शंका उरली तर जीमेलमध्ये मेलच्या उजवीकडच्या तीन टिंबांवर टिचकी देऊन `Show original` निवडा. मेलचा कच्चा मजकूर उघडतो. तो समजून घ्यायची गरज नाही. त्यात फक्त अशी ओळ शोधा :

```
Content-Disposition: attachment; filename="Form16.pdf"
```

ही ओळ असेल तर फाइल मेलसोबत आलेली आहे आणि अडचण आपल्याकडच्या दाखवण्यात आहे. `attachment` हा शब्दच कुठे नसेल तर बहुधा फाइल मेलमध्ये नव्हतीच. त्याच्या जागी `inline` दिसले तर बहुधा मजकुरात चिकटवलेले चित्र आहे. तो सहीतला कंपनीचा लोगो असतो किंवा क्लायंटने चिकटवलेला फोटो, आणि काही मोबाइलवरून पीडीएफही अशीच येते, म्हणून तेही उघडून पाहा.

फाइल न येण्याची कारणे मोजकीच असतात आणि ती माहीत असली की पुढचे उत्तर नेमके लिहिता येते. सर्वांत जास्त वेळा घडते ते असे : कंपनीच्या एचआर विभागाने फॉर्म १६ क्लायंटला मेलने पाठवलेला असतो. क्लायंट त्या मेलवर ‘रिप्लाय’ दाबतो, एचआरचा पत्ता पुसून तुमचा घालतो आणि पाठवून देतो. रिप्लाय केल्यावर मूळ मेलमधली फाइल पुढे जात नाही. ‘फॉरवर्ड’ केल्यावरच जाते. क्लायंटला मात्र त्याच्या मेलमध्ये वरची साखळी दिसत असते, म्हणून फाइल गेली याची त्याला खात्री असते. तुमच्याकडे आलेल्या मेलचा विषय `Re:` ने सुरू होत असेल आणि खाली एचआरचा मजकूर असेल, तर हेच झाले असे समजायला हरकत नाही.

दुसरे कारण आकार. जीमेलमधून २५ एमबीपेक्षा मोठी फाइल थेट जात नाही, तिच्या जागी ड्राइव्हचा दुवा जातो. फॉर्म १६ ची पीडीएफ सहसा एवढी मोठी नसते, पण घरभाड्याच्या बारा पावत्यांचे मोबाइलवर काढलेले फोटो सहज तिथवर पोचतात. दुव्यावर टिचकी दिली आणि परवानगी मागणारे पान आले, तर फाइल आहे, पण दार बंद आहे. तिसरे म्हणजे `winmail.dat` नावाची विचित्र फाइल. क्लायंटच्या आउटलुकने मेल स्वतःच्या खास घडणीत बांधून पाठवला की जीमेलसारख्या ठिकाणी ती दिसते. खरी पीडीएफ कधी कधी तिच्या पोटात असते, पण ती खटपट करत बसण्यापेक्षा साध्या मजकुराच्या मेलमधून पुन्हा मागवणे सोपे.

‘आली नाही’ आणि ‘उघडत नाही’ यांत गल्लत नको

‘फाइल मिळत नाहीये’ हे आपल्याकडचे लाडके वाक्य. त्यातून समोरच्याला काहीच कळत नाही. फाइल आलीच नाही असे लिहिलेत तर क्लायंट ती पुन्हा जोडेल. उघडत नाही असे लिहिलेत तर तो पासवर्ड शोधायला लागेल. परवानगी नाही असे लिहिलेत तर ड्राइव्हमध्ये जाऊन ती देईल. तिन्ही कामे वेगळी आहेत आणि चुकीचे वाक्य लिहिले की एक फेरी फुकट जाते.

पासवर्डची गोष्ट निघालीच आहे तर एवढे सांगून ठेवतो : प्राप्तिकर पोर्टलवरून उतरवलेले एआयएस, म्हणजे वार्षिक माहिती विवरण, उघडायला पॅन लहान अक्षरांत आणि त्याला जोडून जन्मतारीख लागते, म्हणजे `abcde1234f01011980` असे. फॉर्म १६ चा पासवर्ड मात्र कंपनीगणिक वेगळा असतो. तो अंदाजाने घालून पाहण्यात वेळ घालवू नका, विचारा.

मजकूर कुठून कुठून रचला जातो

फाइल नसताना तिच्यात काय असेल हे मनात आपोआप तयार होते. ते साहित्य कुठून येते हे ओळखता आले तर हात वेळेवर थांबतो.

पहिले साहित्य गेल्या वर्षीची फाइल. हे सर्वांत घातक, कारण त्यातले बरेच आकडे बरोबरच निघतात. वर दिलेल्या क्लायंटचे उदाहरण पुढे नेऊ. गेल्या वर्षी त्याचा एकूण पगार ९,६०,००० रुपये होता आणि गुंतवणूक व गृहकर्जाचे मुद्दल यांसाठीच्या कलम ८०सी खाली पूर्ण १,५०,००० रुपयांची वजावट होती. यंदा पगार तेवढाच आहे हे समजा क्लायंटने फोनवर सांगितले. कार्यालयाकडे त्याचे पोर्टलचे लॉगिन आहे, त्यामुळे २६एएस या पोर्टलवरच्या करकपातीच्या विवरणात कापलेला कर ७९,०४० रुपये दिसतो. आता नवा माणूस हिशेब मांडतो : प्रमाणित वजावट ५०,०००, व्यवसाय कर २,५००, ८०सी चे गेल्या वर्षीइतकेच १,५०,०००. करपात्र उत्पन्न ७,५७,५००. जुन्या पद्धतीने कर आणि ४ टक्के उपकर धरून ६६,५६० रुपये. म्हणजे रिफंड १२,४८० रुपये! आणि तो कळवून टाकतो : ‘तुमचा फॉर्म १६ पाहिला, १२,४८० रुपये रिफंड येईल.’

तीन दिवसांनी खरा फॉर्म येतो. क्लायंटचे गृहकर्ज गेल्या वर्षीच फिटलेले असते. त्यामुळे मुद्दलाची परतफेड ८०सी मधून गेली आणि यंदाची वजावट फक्त ९०,००० उरली. करपात्र उत्पन्न ८,१७,५००, कर ७९,०४० रुपये. कंपनीने बरोब्बर तेवढाच कापलेला होता. रिफंड शून्य.

या हिशेबात एक सोडून सगळे आकडे खरे होते. म्हणूनच तो कोणाला खटकला नाही. वरिष्ठांनी वरवर पाहिले असते तरी खटकला नसता. अंदाजपंचे दाहोदरसे पूर्ण चुकला असता तर निदान लगेच पकडला गेला असता.

दुसरे साहित्य एआयएस आणि २६एएस. यांत पगार आणि कापलेला कर दिसतो, पण घरभाडे भत्त्याची सूट आणि कंपनीने मान्य केलेल्या ८०सी च्या वजावटी दिसत नाहीत. त्या फॉर्म १६ च्या भाग ब मध्ये असतात. कर किती कापला आणि जमा झाला ते भाग अ मध्ये. रिफंडचा प्रश्न दोन्ही भागांवर उभा असल्यामुळे एकट्या २६एएसवरून त्याचे उत्तर निघत नाही. तिसरे साहित्य क्लायंटचे स्वतःचे शब्द. फाइलचे नाव `Form16_2024-25` असल्याचे त्याने लिहिले म्हणून ती त्याच वर्षाची असते असे नाही. २०२४-२५ हे आर्थिक वर्ष; त्याचे करनिर्धारण वर्ष २०२५-२६. या दोहोंत लोकांची सर्रास गल्लत होते.

उत्तर कसे लिहायचे

फाइल आली नाही ही गोष्ट पहिल्याच वाक्यात हवी. नमस्कार झाल्यावर लगेच. तीन परिच्छेद सामान्य माहिती देऊन शेवटी ‘तसेच फाइल दिसत नाही’ असे लिहिले तर क्लायंट तिथवर वाचत नाही, आणि वरची माहिती त्याच्याच फॉर्मवरून दिली असे धरून चालतो.

दोष कोणाच्याही माथी मारू नका. ‘तुम्ही फाइल जोडायला विसरलात’ हे आपल्याला माहीत नसते. कदाचित त्याच्या कंपनीच्या सर्व्हरने ती अडवली असेल. ‘तुमच्या मेलसोबत फाइल आलेली नाही’ एवढेच आपण पाहिलेले आहे, म्हणून तेवढेच लिहायचे. तसेच दहा वेळा क्षमस्वही नको. चूक कोणाची हे ठरलेले नसताना माफीचा पाढा वाचला की फाइल आपल्याकडूनच हरवली असा अर्थ निघतो.

मग काय हवे ते नेमके सांगा : कोणता कागद, कोणत्या वर्षाचा, किती भाग. आणि तो कसा पाठवायचा तेही एका वाक्यात. वरच्या मेलला असे उत्तर पुरते :

> नमस्कार,
>
> तुमचा आज सकाळी ११.२० चा मेल मिळाला, पण त्यासोबत फॉर्म १६ आलेला नाही. मेलमध्ये फक्त मजकूर दिसतो. स्पॅम आणि कार्यालयाचे व्हॉट्सअ‍ॅपही पाहिले, तिथेही फाइल नाही.
>
> आर्थिक वर्ष २०२४-२५ चा फॉर्म १६, भाग अ आणि भाग ब दोन्ही, कृपया पुन्हा पाठवा. कंपनीकडून आलेला मेल तुमच्याकडे असेल तर त्यावर रिप्लाय न करता तो आम्हाला फॉरवर्ड करा, म्हणजे फाइल सोबत येईल. पासवर्ड असल्यास तो फोनवर सांगा.
>
> रिफंड किती ते फॉर्म पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही, कारण ते यंदाच्या वजावटींवर अवलंबून आहे. तोवर उपयोगी पडेल अशी सर्वसाधारण माहिती : जुन्या पद्धतीत प्रमाणित वजावट ५०,००० रुपये आणि ८०सी खाली जास्तीत जास्त १,५०,००० रुपये मिळतात. नव्या पद्धतीत प्रमाणित वजावट ७५,००० रुपये आहे, पण ८०सी मिळत नाही. यंदा गुंतवणुकीत किंवा कर्जात काही बदल झाला असेल तर तोही कळवा.
>
> फाइल आज ५ वाजेपर्यंत आली तर उद्या दुपारपर्यंत आकडा कळवतो.

यातला तिसरा परिच्छेद नीट पाहा. क्लायंटला रिकाम्या हाताने परत पाठवायचे नाही, पण द्यायचे तेही कायद्यातून येणारे, त्याच्या कागदातून येणारे नाही. ‘सर्वसाधारण माहिती’ हे दोन शब्द त्यासाठीच आहेत. शेवटचा प्रश्नही मुद्दाम घातलेला : गृहकर्ज फिटल्याची गोष्ट अशाच प्रश्नातून बाहेर येते.

‘फॉर्ममध्ये दिसेलच की…’ किंवा ‘तुमच्या फॉर्मनुसार साधारण…’ अशी वाक्ये मात्र खोडून टाका. त्यांत फाइल पाहिल्याचा वास येतो. लिहून झाल्यावर उत्तर एकदा वाचा आणि प्रत्येक आकड्यापाशी स्वतःला विचारा की हा कोणत्या कागदावर पाहिला. कागद दाखवता आला नाही तर आकडा काढायचा.

क्लायंट फोनवर अडून बसला तर

‘अहो, अंदाजे तरी सांगा’ असे होतेच. अंदाज देणे गुन्हा नाही, पण तो कशावर उभा आहे हे अंदाजाच्या आधी सांगायला हवे. ‘तुम्ही आत्ता सांगितलेला ९,६०,००० पगार धरला, ८०सी पूर्ण १,५०,००० धरले, तर कर ६६,५६० होतो. ८०सी ९०,००० असेल तर ७९,०४०. तुमचा यातला कुठला, ते फॉर्म आल्यावर कळेल.’ दोन टोके सांगितली की क्लायंट एकाच आकड्याला धरून बसत नाही, आणि आकडा कशाने हलतो हेही त्याला समजते. फोन ठेवल्यावर हेच दोन ओळींत मेलवर टाका, ‘तुम्ही फोनवर सांगितल्यानुसार’ या शब्दांसह. बोललेला अंदाज दुसऱ्या दिवशी ‘सर म्हणाले होते’ होऊन परत येतो.

फाइल आल्यावर

आली म्हणजे काम संपले असे नाही. चुकीची फाइलही येते. नाव, पॅन, करनिर्धारण वर्ष, दोन्ही भाग आणि पानांची संख्या एवढे पाहा. वर्षाच्या मध्ये नोकरी बदलली असेल तर दोन कंपन्यांचे दोन फॉर्म लागतात आणि क्लायंट बहुधा नव्या कंपनीचाच पाठवतो. भाग अ मधल्या नोकरीच्या तारखा एप्रिल ते मार्च अशा सलग आहेत का, यावरून हे चटकन लक्षात येते. मग पोच द्या, आता मात्र तपशिलासह : ‘फॉर्म १६ मिळाला, भाग अ आणि ब, एकूण ८ पाने, करनिर्धारण वर्ष २०२५-२६.’ आधी जर-तरचा अंदाज दिला असेल तर त्याच मेलमध्ये तो खरा ठरला की बदलला हे लिहा.

फाइल येतच नसेल तर

मागितलेल्या कागदांची वही ठेवा : क्लायंट, कागद, कधी मागितला, कधी आठवण केली. दोन दिवसांनी त्याच मेलच्या साखळीत एक आठवण, आणि तरी शांतता असेल तर तिसरा मेल न लिहिता सरळ फोन. कंपनीने फॉर्म १६ द्यायची मुदत १५ जून असते. त्याआधी क्लायंट ‘पाठवला’ म्हणत असेल तर तो कदाचित पगारपत्रकालाच फॉर्म १६ समजत आहे, हेही विचारून घ्या.

मुदत अगदी तोंडावर आली की दबाव वाढतो, कारण उशिरा भरल्यास कलम २३४एफ खाली ५,००० रुपयांपर्यंत शुल्क लागते. एकूण उत्पन्न ५ लाखांपर्यंत असेल तर १,०००. रिटर्नसोबत फॉर्म १६ जोडावा लागत नाही, त्यामुळे पगारपत्रके, २६एएस आणि गुंतवणुकीच्या पावत्यांवरून रिटर्न भरता येते. पण हा निर्णय वरिष्ठांचा आणि क्लायंटचा. फॉर्म १६ न पाहता कोणत्या कागदांवरून आकडे घेतले हे क्लायंटला लिहून कळवायचे, त्याची संमती लेखी घ्यायची, आणि पुढे फरक निघाल्यास सुधारित रिटर्न भरावे लागेल हेही त्यातच सांगायचे.

आधीच चुकून लिहून गेले असेल तर

फाइल न पाहता ‘पाहिली’ असे लिहून मेल गेला असेल तर खरी फाइल येण्याची वाट पाहू नका. आकडा जुळेल या आशेवर बसण्यात दिवस जातात आणि तोवर क्लायंटने रिफंड धरून खर्च ठरवलेला असतो. आधी वरिष्ठांना सांगा, मग त्याच साखळीत लिहा : ‘कालच्या मेलमध्ये फॉर्म १६ पाहिल्याचे लिहिले होते, ते चूक आहे. फाइल आलेली नव्हती. १२,४८० रुपयांचा आकडा गेल्या वर्षीच्या वजावटींवरून काढलेला होता, तो धरू नका. फॉर्म कृपया पुन्हा पाठवा.’ कोणते वाक्य मागे घेतले आणि तो आकडा कुठून आला होता, या दोन्ही गोष्टी त्यात असाव्यात. नुसते ‘सुधारित आकडा लवकरच कळवतो’ लिहिले तर क्लायंट जुनाच आकडा थोडाफार हलेल असे समजून बसतो.